गादीखालच्या तीन जाळ्या

त्या तळघरातला वास कोणी घालवला, याविषयी या शहरात आज तीन हकिकती सांगितल्या जातात, आणि तिन्ही चुकीच्या आहेत. पहिली आमच्या आर्किटेक्टसाहेबांची. मध्यंतरी त्यांचा सत्कार झाला, तेव्हा त्यांनी व्यासपीठावरून सांगितले, की एसीचे पाणी फरशीतल्या जाळीत सोडण्याची युक्ती त्यांना सुचली आणि एक दुकान वाचले. दुसरी हकिकत त्या दुकानातल्या जुन्या विक्रेत्याची. तो ज्याला त्याला सांगतो, की रोज सकाळी तो पाणी ओतत असे म्हणून वास गेला. तिसरी सर्वसाधारण, म्हणजे जी कोणीही सांगतो आणि कोणालाही खरी वाटते: दुकानाच्या मालकीणबाईंनी वास्तुशांत केली आणि वास नाहीसा झाला. वास्तुशांत झाली होती, हे मला मान्य आहे. मी तिथे जेवलोही होतो. जिलबी उत्तम होती. वास मात्र त्या पंगतीतही होता.

मी नळकामाचा कंत्राटदार. या शहरातल्या कितीतरी इमारतींच्या भिंतींमधून माझ्या हातच्या नळ्या वाहतात, आणि त्या कुठे वळतात हे इमारतींच्या मालकांपेक्षा मला अधिक ठाऊक आहे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. सांगत असलो तरी ते खरे आहे.

ती इमारत नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली. समोरून पाहिले तर तळघर, मागच्या गल्लीतून पाहिले तर जवळजवळ तळमजला, असा तो उतार. मूळ नकाशात तिथे हॉटेलचे स्वयंपाकघर व्हायचे होते. म्हणून मागच्या भिंतीला समांतर अशा तीन नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळी लावलेली सांडपाण्याची भोके, जमिनीत बसवल्या होत्या, आणि त्यांचे पाणी उताराने मागच्या गल्लीतल्या गटाराच्या चेंबरला जात होते. नळकाम माझे नव्हते. हॉटेल आले नाही. त्याऐवजी येवल्याच्या एका विणकर घराण्यातल्या बाई आल्या आणि त्यांनी तिथे पैठणीचे दुकान थाटले.

बाई पन्नाशीच्या, बोलायला मृदू आणि नियमांना कडक. काचेची कपाटे आणि उंच खुर्च्या त्यांना पसंत नव्हत्या. पैठणी गादीवर बसून, पदर मांडीवर घेऊन पाहायची वस्तू आहे, असे त्यांचे म्हणणे. म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढऱ्या स्वच्छ गाद्या, मागे लोड, आणि दाराशी एक हात धुण्याचे बेसिन. हात धुवून पुसल्याखेरीज कोणी रेशमाला हात लावायचा नाही, हा तिथला पहिला नियम. गिऱ्हाईक असो, विक्रेता असो, दुकानाचा जागामालक असो. विक्रेता चहा प्यायला की पुन्हा हात धुवायचा. दुसरा नियम असा, की त्या बेसिनपलीकडे दुकानात पिण्याच्या पेल्याखेरीज पाणी आणायचे नाही. फरशी कोरड्या फडक्याने पुसली जाई, आणि गाद्या उचलून गच्चीवर झटकल्या जात. या दोन नियमांत सगळी गोष्ट आहे, आणि तिन्ही हकिकती सांगणाऱ्यांनी नेमके हेच नियम वगळले आहेत.

दुकान दिवाळीला उघडले. होळीच्या सुमारास वास सुरू झाला. आधी पुसट, मग असा, की पैठणी उलगडताना गिऱ्हाईक नाकाला पदर लावी. रेशीम वास धरते, हे विणकराच्या घरात शिकवावे लागत नाही. बाईंनी कोपऱ्यांत कापूर ठेवला, मेलेल्या उंदराच्या शंकेने कपाटे हलवली, वास्तुशांत केली, आणि शेवटी मागच्या भिंतीत मोठा एक्झॉस्ट पंखा बसवून घेतला. पंख्याने वास दुप्पट झाला. तेव्हा त्यांनी जागामालकाला स्पष्ट सांगितले, की अक्षय्य तृतीयेपर्यंत वास गेला नाही तर त्या गाद्या गुंडाळून येवल्याला परत जातील. लगीनसराई हातची जाऊ द्यायची आणि वर रेशीम नासवायचे, हे त्यांना परवडणारे नव्हते. मागे येवल्यात त्यांच्या दुकानासाठी माग चालवणारी कुटुंबे होती; ती त्यांच्या शब्दावर विणत होती.

जागामालकाने आर्किटेक्टसाहेबांना बोलावले आणि मलाही. आम्ही एकाच दिवशी पोचलो, आणि जिन्यातच त्यांनी मला विचारले, "काय मिस्त्री, तुम्हीपण?"

"मी मिस्त्री नाही, कंत्राटदार आहे," मी म्हणालो. "मिस्त्री माझ्याकडे कामाला असतात. आर्किटेक्टही असता, पण मला एवढ्या चित्रांची गरज पडत नाही."

ते हसले. तो मनुष्य हसतमुख होता हे मी नाकारत नाही. त्यांच्याशी माझे भांडण वासावरून आहे, स्वभावावरून नाही.

आत गेल्यावर मी पहिला प्रश्न विचारला, "गाद्यांखाली काय आहे?"

"फरशी," विक्रेता म्हणाला. हा येवल्याकडचाच, बाईंच्या वडिलांच्या वेळेपासूनचा जुना माणूस.

"आणि फरशीत?"

"जाळ्या हायेत तीन. पर त्यांचा काय संबंध? त्यात कधी पानी गेलंच नाय. कोरड्या ठाक हायेत, स्वच्छ."

माझा शोध तिथेच संपला. पण नुसते सांगून पटवणे मला कधी जमलेले नाही; मी दाखवतो. गादीचा कोपरा उचलायला लावला, गुडघ्यावर बसलो, जाळी काढली आणि विजेरीचा झोत आत टाकला. ट्रॅप म्हणजे वाकवलेली नळी. तिच्या वाकात कायम थोडे पाणी साचून राहते आणि तेच पाणी गटाराच्या हवेला वर येऊ देत नाही. आम्ही त्याला सील म्हणतो. या ट्रॅपच्या तळाला धूळ होती आणि मेलेले झुरळ होते. सिमेंटचे काम झाल्यावर कोणी त्यात पाणी सोडले असेल तेवढेच. ते नाशिकच्या कोरड्या फाल्गुनात उडून गेले होते. गटार आणि पैठणी यांच्यामध्ये आता फक्त गादी होती.

बाईंनी देव्हाऱ्यात लावलेल्या उदबत्त्यांतली एक मी मागून घेतली आणि जाळीच्या तोंडाशी धरली. धूर सरळ वर जात होता. "आता पंखा लावा," मी म्हणालो. पंखा सुरू झाला, आणि धूर जाळीवरून असा उसळला जणू कोणी खालून फुंकतो आहे.

"पंखा दुकानातली हवा बाहेर ओढतो," मी बाईंना सांगितले. "तेवढी हवा कुठून तरी आत आली पाहिजे. दार बंद, खिडक्या नाहीत. मग ती या तीन भोकांतून येते, गल्लीतल्या चेंबरमधून. तुम्ही वास बाहेर टाकायला पंखा लावलात, आणि तो वास आत ओढणारा पंप झाला."

बाईंनी पंखा स्वतः बंद केला. "मग आता?"

"आता या तिन्ही जाळ्यांत पाणी."

"पाणी?" त्या म्हणाल्या. "काका, माझ्या दुकानात पाणी फक्त पेल्यात आणि बेसिनमध्ये. रेशमाजवळ बादली आणायची नाही. तुम्ही वयाने मोठे आहात म्हणून शांतपणे सांगतेय."

शेवटी त्यांनी एका वेळेपुरती सूट दिली. रविवारी दुकान बंद असताना गाद्या उचलून मी तिन्ही जाळ्यांत पाणी भरले, आणि वर थोडे खोबरेल सोडले, कारण तेलाचा पातळ थर पाणी उडायला उशीर लावतो. सोमवारी वास नव्हता. अक्षय्य तृतीया पार पडली आणि गाद्या गुंडाळल्या गेल्या नाहीत. मी सांगितले, की हा तात्पुरता इलाज आहे, दर पंधरवड्याला असेच करावे लागेल. विक्रेत्याने जबाबदारी घेतली. इथेच त्याच्या हकिकतीचा उगम आहे. त्याने रोज पाणी ओतले, हे अगदी खरे. पण तीनपैकी दोन जाळ्यांवर कपाटांसमोरच्या जड गाद्या होत्या, आणि गिऱ्हाईकांच्या वेळेत त्या हलवणे शक्य नव्हते. म्हणून तो सगळे पाणी पेल्याने बेसिनजवळच्या एकाच जाळीत ओतत असे. एका ट्रॅपला अभिषेक आणि दोन उपाशी.

मी हे त्याला तेव्हाच म्हटले. तो म्हणाला, "काका, सगळ्या जाळ्या शेवटी एकाच गटारात जात्यात ना? मंग एकीत ओतलं तर बाकीच्यांना पोचतंच."

"पोचते ते गटाराला. दुसऱ्या ट्रॅपच्या वाकात ते उलटे चढत नाही."

"तुमचं शास्त्र लय कडक हाय बुवा," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशीही त्याच जाळीत ओतले.

मग आली आर्किटेक्टसाहेबांची युक्ती. दुकानात एसी बसणार होता. त्यांनी त्याच्या पाण्याची नळी बाहेर न सोडता मधल्या जाळीत आणून सोडली. मी जागामालकासमोर म्हणालो, की एसी एका जाळीला पाणी देईल, तीन जाळ्यांना नाही. शिवाय एसीचे पाणी हवेतल्या दमटपणाचे असते, आणि जेव्हा ट्रॅप सर्वांत लवकर सुकते त्या महिन्यांतच आपल्याकडची हवा सर्वांत कोरडी असते. पाहिजे तेव्हा मिळणार नाही आणि नको तेव्हा धो धो मिळेल.

"तुम्ही नेहमीच वाईट बाजू पाहता," आर्किटेक्टसाहेब म्हणाले.

"मी गटाराचा धंदा करतो. तिथे दुसरी बाजू नसते."

श्रावणात एसीने भरपूर पाणी दिले. मधली जाळी तृप्त, विक्रेत्याची जाळी न्हालेली, आणि तिसरी, कोपऱ्यातली, माझ्या तेलाच्या थरामुळे आणि पावसाळ्याच्या दमट हवेमुळे कशीबशी तग धरून. जागामालक मला रस्त्यात भेटले की म्हणत, "बघा, झालं ना काम?" मी म्हणे, "चैत्रात भेटू." सत्कारात सांगितलेली हकिकत याच श्रावणापाशी संपते. ज्यांना आपली गोष्ट गोड करायची असते ते तिला श्रावणातच थांबवतात.

चैत्रात एसीची नळी थेंब थेंब टिपू लागली आणि एसी रात्रभर बंद असे. कोपऱ्यातली जाळी सुकली, मग मधली. गिऱ्हाईकांची गर्दी सुरू होण्याच्या आठवड्यात वास परत आला. सटाण्याच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या घरची मंडळी दोन मुलींच्या लग्नाच्या पैठण्या पाहायला आली होती. त्यांची आजी मध्येच उठली आणि सगळे कुटुंब तिच्या पाठोपाठ जिना चढून गेले. जाताना मुलींच्या आईने भिडेखातर म्हटले, की अक्षय्य तृतीयेआधी पुन्हा येऊ.

बाईंनी मला निरोप धाडला. मी गेलो तेव्हा त्या गाद्यांच्या खोळी मोजून ठेवत होत्या.

"काका, सटाण्याची माणसं परत येतील तेव्हा वास असला, तर मी त्याच दिवशी निघणार. या वेळी वाद घालू नका. काय करता ते करा, पण बादली नको."

बादली नको हा त्यांचा हट्ट योग्यच होता. जे काम माणसाच्या आठवणीवर टाकले आहे ते सुट्टीच्या दिवशी होत नाही. ट्रॅपला आपोआप पाणी मिळाले पाहिजे. तशी वस्तू असते, हे मला ठाऊक होते. तिला ट्रॅप प्रायमर म्हणतात. मोठ्या हॉटेलांत आणि इस्पितळांत ती बसवतात. नाशिकच्या बाजारात तेव्हा कोणी तिचे नावही ऐकले नव्हते. मी मुंबईला एका जुन्या ओळखीच्या दुकानदाराकडे गेलो. त्याच्याकडे कुठल्याशा हॉटेलच्या कामातून उरलेला एक नग पडून होता, पितळी, मुठीत मावेल एवढा, आणि त्याच्यासोबत तीन तोंडांची वाटणीची डबी.

त्याचे काम साधे आहे. तो अशा नळीवर बसवायचा, जिच्यावरचा नळ दिवसभर उघडला जातो. नळ उघडला की नळीतला दाब क्षणभर पडतो. त्यासरशी आतला दट्ट्या हलतो आणि थोडेसे पाणी, घोटभर म्हणा, खालच्या नळीत सोडतो. मध्ये हवेची मोकळी फट असते, जेणेकरून गटाराची घाण कधीही उलटून पिण्याच्या पाण्यात येऊ नये. घोट वाटणीच्या डबीत पडतो आणि तिथून तीन बारीक नळ्यांनी तीन ट्रॅपना जातो. जास्त पाणी गेले तर ते आपले गटारात निघून जाते. सील मात्र भरलेली राहते.

आता प्रश्न होता, तो कुठल्या नळावर बसवायचा. आर्किटेक्टसाहेब म्हणाले, दाराशी असलेल्या पिण्याच्या पाण्याच्या कूलरवर, कारण गिऱ्हाईकांना सतत पाणी दिले जाते. हे ऐकायला बरे वाटते. पण कूलरची स्वतःची टाकी असते; ती तरंगणाऱ्या चेंडूने हळूहळू भरते, नळीतला दाब झटक्याने पडतच नाही. प्रायमर तिथे झोपून राहिला असता.

मी दाराकडे बोट दाखवले. "बेसिन."

बाईंनी बेसिनकडे वळून पाहिले. त्यांच्या त्या नियमामुळे त्या दुकानात दिवसभर बेसिनचा नळ उघडत आणि मिटत होता. इमारतीची टाकी चौथ्या मजल्याच्या वर, दुकान तळाशी, म्हणजे दाब भरपूर. शहरात याहून जास्त वापरले जाणारे बेसिन एखाद्या खाणावळीतच सापडले असते.

"म्हणजे," बाई सावकाश म्हणाल्या, "कोणी हात धुतले की जमिनीलाही पाणी मिळणार? आणि गादीला थेंबही लागणार नाही?"

"थेंबही नाही. नळ्या फरशीच्या आतून."

"आणि मी माझा नियम सोडायचा नाही."

"ताई, तुम्ही नियम सोडलात तर माझे यंत्र मरेल. तुम्ही जितक्या कडक तितके ते चांगले चालेल."

त्या पहिल्यांदा हसल्या. विक्रेता म्हणाला, "म्हंजी आता आमची सुटका नाय."

आम्ही गाद्या उचलून फरशीत चर पाडला, उतार धरून नळ्या टाकल्या आणि ट्रॅपच्या पाण्याच्या पातळीच्या वर, बाजूने जोडल्या. प्रायमर बेसिनखालच्या भिंतीत खोबणीत बसवला, त्याच्या आधी गाळ अडवणारी बारीक जाळी घातली. आर्किटेक्टसाहेबांनी त्यावर सागवानी फळी लावून घेतली, दिसायला सुंदर. त्यांच्या सुताराने ती ठोकताना वाटणीच्या डबीवर हात टेकला असावा. आठवड्याभरात मी तपासायला गेलो, तर दोन जाळ्या भरलेल्या आणि कोपऱ्यातली कोरडी.

"बघा," आर्किटेक्टसाहेब म्हणाले, "तुमचंही यंत्र दोघांनाच देतं. माझ्या एसीहून एक जास्त."

मी फळी काढली, पाणसळ डबीवर ठेवली. बुडबुडा एका बाजूला जाऊन बसला होता. डबी तिरकी असेल तर पाणी खालच्या तोंडांनी निघून जाते, वरच्या तोंडाला काही मिळत नाही; तिच्या सपाट असण्यावर सगळी वाटणी अवलंबून. मी ती समपातळीत घट्ट केली, आणि पाणसळ आर्किटेक्टसाहेबांच्या हातात दिली. "आता तुमच्या फळीला सांगा, डबीपासून दोन बोटे दूर राहायला." त्यांनी फळी स्वतः मागे घेतली, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवतो.

सटाण्याची मंडळी आली, तेव्हा मी मुद्दाम हजर होतो. विक्रेता धूप पेटवायच्या बेतात होता. मी त्याला थांबवले.

"अहो काका, राहू द्या की, सावधगिरी म्हनून."

"धुपाने वास गेला असे उद्या कोणी म्हणायला नको," मी म्हणालो. तरीही पुढे लोकांनी वास्तुशांतीचे नाव घेतलेच, पण ती माझी चूक नाही.

बाईंनी सगळ्या कुटुंबाला बेसिनसमोर रांगेत उभे केले. मुली, त्यांच्या आत्या, माम्या, एक जावईही. प्रत्येक वेळी नळ उघडे तेव्हा फळीमागे पाण्याचा हलकासा आवाज होई. तो मलाच ऐकू येत होता, किंवा मला तसे वाटत होते. आजी सगळ्यांत शेवटी बसली. तिने आधी पैठणीकडे पाहिलेच नाही. लोडावर हात टेकून, खाली वाकून, गादीच्या कडेशी तिने दीर्घ श्वास घेतला. बाई कपाटाशी उभ्या होत्या आणि त्यांच्या हातातला पदर हलत नव्हता.

"आते काहीच वास नही शे," आजी म्हणाली आणि मांडी घालून बसली. "ती मोराची काढ."

त्या दिवशी दोन्ही मुलींच्या पैठण्या ठरल्या, आणि आत्यांच्याही. बाईंनी खोळी परत गाद्यांना चढवल्या. बाई नंतर कितीतरी वर्षे त्याच तळघरात होत्या. दर चैत्रात मी जाऊन प्रायमरची जाळी साफ करत असे, आणि तिन्ही ट्रॅपमध्ये विजेरी टाकून पाहत असे. तिन्हींत पाणी चमकत असे.

त्या दिवशी संध्याकाळी सटाण्याची मंडळी गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "काका, काकूंसाठी एक निवडा. नाही म्हणायचं नाही." मी इंदिरानगरातल्या घरी बसलेल्या माझ्या पत्नीच्या आवडीचा रंग आठवत जांभळ्या पदराकडे हात पुढे केला.

"हात," बाई म्हणाल्या.

"ताई, हे यंत्र मी बसवले आहे."

"म्हणूनच. आधी हात."

मी बेसिनशी गेलो. माझ्या मागे, आपली फळी पाहायला आलेले आर्किटेक्टसाहेब उभे होते. त्यांनाही कोणासाठी तरी पदर पाहायचा होता. मी नळ उघडला, आणि फळीमागे घोट खाली उतरला. "ऐकू आले?" मी विचारले. त्यांनी कान फळीला लावला, मग माझ्या हातातला नळ मिटवून पुन्हा स्वतः उघडला, आणि पुन्हा ऐकले. त्या दिवशी त्यांनी हात गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळा धुतले. सत्कारात ते हे सांगायला विसरले.